माठाचा जमाखर्च : प्रस्तावना

मे महिना लागला की रायगडच्या किनाऱ्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते : यंदाचा माठ पाणी गार करत नाही. अलिबाग असो, रेवदंडा असो की मुरूड, तक्रारीचे शब्दही साधारण सारखेच. माती भेसळीची होती, भट्टी जास्त तापली होती, विकणाऱ्याने फसवलं. मग दुसरा माठ येतो, त्याला ओलं फडकं गुंडाळलं जातं, तो पडवीतून माजघरात आणि माजघरातून पुन्हा पडवीत हलतो. त्यातच देशावरचा कोणी पाहुणा आला की आमच्याकडे माठाचं पाणी दाताला लागतं असं सांगून कुंभाराविरुद्धचा खटला पक्का करून जातो.

या खटल्यात बहुतेक वेळा आरोपी चुकीचा पकडलेला असतो. माठातलं पाणी शेवटी कोणत्या तापमानाला स्थिरावणार हे प्रामुख्याने भोवतालची हवा ठरवते, माठ नव्हे. माठाने पुरेसं पाझरावं एवढीच त्याच्याकडून अपेक्षा, आणि किनाऱ्यावर ती अपेक्षा फार माफक असते. हवेचं तापमान आणि तिच्यातली वाफ एवढं कळलं तर माठ भरण्याआधीच पाणी किती गार होईल हे एका अंशाच्या आत सांगता येतं. ते कसं सांगायचं, हा या पुस्तिकेचा विषय. दहावीच्या विज्ञानाची ओळख असलेल्या वाचकाला पुढचं सगळं कळेल. कागद, पेन्सिल आणि वेगवेगळ्या तापमानांचे संपृक्त बाष्पदाब सांगणारा तक्ता एवढी सामग्री पुरे.

आधी माठाच्या अंगावर काय चालतं ते पाहू. भाजलेल्या मातीच्या भिंतीत बारीक, एकमेकांना जोडलेली छिद्रं असतात. कुंभार मातीत राख, लीद किंवा भाताचं तूस मिसळतो. त्यातलं जळण्यासारखं भट्टीत जळून जातं आणि जागा मोकळी राहते. आतलं पाणी या वाटांनी बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत येतं आणि तिथे त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४३० ज्यूल उष्णता लागते. एक लिटर पाण्याचं तापमान एका अंशाने उतरवायचं तर ४१९० ज्यूल काढून घ्यावे लागतात, म्हणजे पावणेदोन ग्रॅम पाणी उडालं की काम झालं. एवढाच हिशेब असता तर बारा लिटरच्या माठातून पाव लिटर पाणी उडताच पाणी बारा अंशांनी गार व्हायला हवं होतं. किनाऱ्यावर ते कधीच होत नाही, कारण माठ गार होऊ लागला की भोवतालची हवा आणि भिंती त्याला पुन्हा तापवू लागतात.

खर्च एकाच बाजूने होतो, बाष्पीभवनाने. जमा दोन बाजूंनी. गरम हवा माठाला लागून वाहते आणि उष्णता देते, हे अभिसरण. खोलीच्या भिंती, छत, कपाटं आपापल्या तापमानाला प्रारण करत असतात आणि त्यांच्यापेक्षा गार असलेल्या माठाला त्यातून निव्वळ उष्णता मिळते. ही दुसरी बाजू लोक विसरतात, कारण ती ना दिसते ना वाऱ्यासारखी जाणवते. पण मंद वाऱ्यात ती पहिलीच्या बरोबरीची असते. माठ जितका गार तितकी जमा जास्त आणि वाफेचा खर्च कमी. दोन्ही जिथे सारखे होतात तिथे तापमान थांबतं. तेच आपलं स्थिर तापमान.

आता एक माठ घेऊ. व्यास ३० सेंटीमीटर, गळ्यापर्यंत भरला तर बारा लिटर पाणी, बाहेरून ओला राहणारा भाग पाव चौरस मीटर. जागा अलिबागमधल्या कौलारू घराची पडवी, वेळ मे महिन्यातली दुपार. हवा ३३ अंश, सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के धरू. खारा वारा सुटल्यावर किनाऱ्यावर ही परिस्थिती नित्याची. ३३ अंशांना संपृक्त बाष्पदाब ५०.३ हेक्टोपास्कल असतो. त्याचे ६५ टक्के म्हणजे ३२.७. हवेतली वाफ या आकड्याने मोजायची, टक्क्यांनी नाही. टक्के तापमानाबरोबर बदलतात. खिडक्या उघड्या असलेल्या घरात बाष्पदाब मात्र आत-बाहेर जवळजवळ सारखा असतो. म्हणून बाष्पदाब बाहेरच्या नोंदीवरून काढला आणि तापमान माठाशेजारी मोजलं तरी चालतं.

पुढची पायरी या विषयाचा गाभा आहे. ज्या हवेच्या हालचालीने उष्णता माठाकडे येते त्याच हालचालीने वाफ माठापासून दूर जाते. त्यामुळे दोन्हींचे दर एकमेकांशी बांधलेले असतात. एक कळला की दुसरा काढता येतो. अमेरिकेतल्या एमआयटीचे वॉरेन लुईस यांनी १९२२ मध्ये हा संबंध मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. समुद्रसपाटीला त्याचा व्यवहारी अर्थ असा : नुसत्या अभिसरणाचा विचार केला, तर पृष्ठभाग हवेपेक्षा जितके अंश गार, त्याच्या ०.६७ पट हेक्टोपास्कल इतका बाष्पदाबातला फरक तोल सांभाळायला पुरतो. वेधशाळेतला ओल्या फुग्याचा तापमापक याच नियमाने चालतो. त्याच्या फुग्यावर ओलं मलमल असतं, फुगा लहान असतो आणि त्यावर जोराचा वारा घेतला तर प्रारणाचा हिस्सा दुर्लक्ष करण्याइतका उरतो. आपल्या दुपारी तो तापमापक २७.४ अंश दाखवेल.

माठ काही लहान फुगा नाही. पडवीतल्या मंद झुळुकेत अभिसरणातून दर चौरस मीटरला, फरकाच्या दर अंशाला, सुमारे ६ वॅट येतात आणि प्रारणातून ५.८. जमा जवळजवळ दुप्पट झाली, वाफ वाहून नेणारी हालचाल मात्र तेवढीच राहिली. म्हणून ०.६७ च्या जागी माठासाठी १.३२ घ्यावे लागतात. समीकरण आता शब्दांत सांगता येतं : माठाच्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब वजा हवेतला बाष्पदाब, बरोबर १.३२ गुणिले हवा आणि माठ यांच्या तापमानांतला फरक.

हे सोडवायला बीजगणित लागत नाही, अंदाज घेत जायचं. माठ २८ अंशांवर आहे असं धरा. २८ ला संपृक्त बाष्पदाब ३७.८, त्यातून ३२.७ गेले, उरले ५.१. दुसरीकडे फरक ५ अंशांचा, गुणिले १.३२, म्हणजे ६.६. जमा खर्चापेक्षा जास्त, म्हणून माठ २८ वर टिकणार नाही, तापेल. २९ धरा. ४०.१ वजा ३२.७ म्हणजे ७.४, समोर ४ गुणिले १.३२ म्हणजे ५.३. आता खर्च जास्त, माठ गार होईल. उत्तर या दोहोंच्या मध्ये. २८.४ ला एका बाजूला ६.० येतात आणि दुसऱ्या बाजूला ६.१. झालं. तेहतीस अंशांच्या दुपारी माठातलं पाणी सुमारे २८.४ अंशांवर स्थिरावेल, साडेचार अंशांनी गार. त्याहून खाली ते उतरत नाही म्हणून कुंभाराला बोल लावणं म्हणजे अरबी समुद्राचं बिल त्याच्या नावावर फाडणं.

हाच हिशेब थोडा पुढे नेला की पाण्याचा खर्चही कळतो. दर चौरस मीटरला ११.८ वॅट, गुणिले ४.६ अंश, म्हणजे ५४ वॅट. पाव चौरस मीटरला साडेतेरा. एवढी उष्णता वाफेने न्यायची तर तासाला सुमारे २० ग्रॅम पाणी उडायला हवं, म्हणजे दुपारची स्थिती टिकली तर दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, माठ तपासताना तो पुन्हा लागणार आहे.

आता वाऱ्याची बाजू पाहू, कारण घरोघरी सगळ्यात जास्त खटपट तिच्यावरच होते. माठ अगदी बंद, निवाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवला तर अभिसरण निम्म्यावर येतं आणि पाणी २९.१ अंशांवर थांबतं. टेबलफॅन थेट लावला तर २८.० पर्यंत उतरतं. म्हणजे सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगली जागा यांत अंश-सव्वा अंशाचा फरक. पंख्यालाही ओल्या फुग्याच्या २७.४ च्या खाली नेता येत नाही. माझ्या मते किनाऱ्यावर माठाची जागा वाऱ्यापेक्षा सावली पाहून ठरवावी. खिडकीतून आलेलं ऊन माठाच्या एका अंगावर पडलं तर सहज २५ वॅट जमा होतात, म्हणजे वाफेच्या सगळ्या खर्चाच्या जवळपास दुप्पट. पाणी तीन अंशांनी चढतं आणि माठ असून नसल्यासारखा होतो. तापलेल्या पत्र्याखालीही असंच, थोड्या कमी प्रमाणात. भोवतालचे पृष्ठभाग हवेपेक्षा पाच अंशांनी गरम असले तर पाणी जवळजवळ एका अंशाने वर राहतं. कौल, माडाच्या झापांचं आच्छादन किंवा वर माळा असलेलं माजघर यांचा माठाला फायदा होतो तो या वाटेने.

सावलीतल्या माठाच्या रंगाने मात्र काही बिघडत नाही. काळा माठ लालपेक्षा जास्त गार करतो असं विकणारा सांगतो आणि घेणारा मानतो. पण भिंतींकडून येणारं प्रारण अवरक्त असतं, आणि त्या लहरलांबीला भाजलेली माती, लाल असो की काळी, जवळजवळ सारखीच शोषक असते. शिवाय दोघांच्याही अंगावर पाण्याचा थर असतो. काळा माठ खरोखर जास्त गार निघालाच तर ते त्याच्या छिद्रांमुळे, रंगामुळे नव्हे. भिंतीच्या जाडीचंही तसंच. तापमान स्थिर झाल्यावर उष्णता बाहेरून येते आणि बाहेरच्याच पृष्ठभागावर वाफेबरोबर निघून जाते. भिंतीतून आरपार जवळजवळ काही वाहत नाही. जाड माठ गार व्हायला थोडा जास्त वेळ घेतो, पण पोचतो तिथेच.

आता हवा बदलून पाहू. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस खारा वारा उशिरा सुटतो आणि घाटाकडून येणारी कोरडी पूर्वेची हवा दुपारपर्यंत किनाऱ्यावर ठाण मांडते. त्या दिवशी अलिबागला पारा ३७ वर आणि आर्द्रता ३० टक्के असू शकते. बाष्पदाब ३२.७ वरून १८.८ वर येतो. तोच माठ, तीच पडवी, तेच समीकरण. उत्तर येतं २६ अंश. हवा चार अंशांनी जास्त तापलेली आणि पाणी अडीच अंशांनी जास्त गार. ज्या दुपारी अंगाची लाही होते त्या दुपारी माठ उत्तम काम करतो. ज्या दुपारी नुसताच घाम निथळतो त्या दुपारी तो हात टेकतो. तोच तो माठ एका आठवड्यात चांगला आणि पुढच्या आठवड्यात बिघडलेला वाटतो याचं कारण एवढंच.

जिल्ह्याच्या आतल्या भागात हा फरक आणखी वाढतो. माणगाव तालुक्यातल्या भिऱ्याचं नाव २८ मार्च २०१७ च्या ४६.५ अंशांच्या नोंदीमुळे देशभर झालं. तिथल्या एखाद्या पडवीत ४० अंश हवा आणि १३ हेक्टोपास्कल बाष्पदाब असा कोरडा दिवस धरला, तर माठ २५.४ अंशांवर थांबतो, हवेपेक्षा साडेचौदा अंश खाली. पाहुण्याच्या दाताला लागणारं पाणी ते हेच. पण आकडे शेजारी ठेवून पाहा : भिऱ्याचं पाणी २५.४, अलिबागचं २८.४. खरा फरक तीन अंशांचा आहे. बाकीचा आपल्याला वाटतो, कारण चाळिशीच्या उन्हातून आलेल्या जिभेला पंचवीस म्हणजे बर्फ. त्या कोरड्या हवेत वाऱ्यालाही किंमत येते. बंद कोपरा आणि पंखा यांच्यात चार अंशांचं अंतर पडतं. देशावरच्या माणसाने माठ वाऱ्यावर ठेवा असा सल्ला दिला तर तो त्याच्या गावापुरता खरा आहे.

या तीन उदाहरणांतून एक सोपा आडाखा हाती येतो. हवेचं तापमान आणि ओल्या फुग्याचं तापमान यांतल्या फरकाचे साधारण चार पंचमांश माठ कमावतो. अलिबागच्या दमट दुपारी फरक ५.६ अंश, माठाने कमावले ४.६. पूर्वेच्या हवेच्या दिवशी फरक १४, कमाई ११. भिऱ्याला १८.६ पैकी १४.६. निवाऱ्यात हा वाटा सात दशांशांपर्यंत घसरतो, जोराच्या वाऱ्यात नऊ दशांशांच्या जवळ जातो. उरलेला भाग प्रारण खाऊन टाकतं. म्हणून घरी एक तापमापक कोरडा आणि दुसरा ओलं सुती कापड गुंडाळून पंख्यासमोर ठेवला, की माठाला हात न लावता त्याचं तापमान सांगता येतं. स्पेनमध्ये मातीच्या पाझरत्या भांड्याला बोतिखो म्हणतात. त्याच्या गार होण्याचं गणिती प्रारूप माद्रिदचे गाब्रिएल पिंतो आणि होसे इग्नासियो सुबिसारेता यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या किनाऱ्यासाठी मला हा साधा आडाखा पुरेसा वाटतो.

मग माठाच्या हाती काय उरतं? पाझर. अलिबागच्या दुपारी माठाने तासाला २० ग्रॅम पाणी बाहेर आणायला हवं. भिऱ्याच्या दुपारी ६० च्या वर. म्हणून जो माठ किनाऱ्यावर पुरतो तो घाटाखालच्या कोरड्या गावात अपुरा पडू शकतो. पाझर कमी पडला की पृष्ठभागावर सुके पट्टे दिसतात, आणि सुका पट्टा जमा घेतो पण खर्च करत नाही. अर्धा माठ सुका पडला तर आपल्या दुपारचं उत्तर २८.४ ऐवजी २९.६ येतं, तीन चतुर्थांश सुका पडला तर ३०.८. उलट पाझर गरजेपेक्षा जास्त असेल तर जादा पाणी थेंबांनी खाली ठिबकतं. ते द्रवरूपातच गेलं, वाफ न होता, म्हणून त्याने गारवा काही दिला नाही. घडवंचीखाली थारोळं साचवणारा माठ जास्त थंड असतो ही समजूत त्यामुळे फोल आहे. त्याखाली वाळू पसरली तर फरशी कोरडी राहते एवढंच.

बाहेरची ओल कुठून येते याबद्दलही एक गोंधळ कायम असतो. फ्रीजमधली स्टीलची बाटली बाहेर काढली की घामेजते, माठही ओला दिसतो, म्हणून दोन्ही एकच असं वाटतं. आपल्या दुपारच्या हवेचा दवबिंदू २५.५ अंश आहे. बाटली त्याच्याहून गार असते, म्हणून हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते आणि तसं होताना बाटलीला तापवते. माठ २८.४ वर असतो, दवबिंदूच्या वर. त्याच्यावर दव पडूच शकत नाही. त्याची ओल आतून आलेली असते.

पाझर बंद पडण्याचं मुख्य कारण क्षार, आणि खाडीकाठच्या मचूळ विहिरी वापरणाऱ्यांना ते लवकर भेटतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, तेही नेमके बाहेरच्या छिद्रांच्या तोंडाशी. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेलं पाणी, दिवसाला अर्धा लिटर बाष्पीभवन : रोज पाव ग्रॅम. होळीपासून पावसापर्यंतच्या शंभर दिवसांत २५ ग्रॅम. ते माठाच्या अंगावर पांढऱ्या चट्ट्यांच्या रूपाने दिसतात. मीठ असेल तर साध्या पाण्यात भिजवून काथ्याने घासलं की निघतं. चुन्याचा थर असेल तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून, थोडा वेळ थांबून, भरपूर पाण्याने धुवावं लागतं. साबण लावू नये. तो छिद्रांत जाऊन बसतो आणि पाण्याला वास येतो. आणि नक्षीसाठी तेलरंग लावलेला माठ मुळात विकतच घेऊ नये. त्याची छिद्रं कारखान्यातून येतानाच बुजलेली असतात, पैसे तेवढे जास्त.

वेळेचा प्रश्न वेगळा आहे आणि पुष्कळ तक्रारींचं मूळ तिथेच असतं. वरचे सगळे आकडे शेवटचे, म्हणजे माठाला पुरेसा वेळ मिळाल्यानंतरचे. बारा लिटरच्या माठात हवेच्या मर्यादेपासूनचं अंतर एक तृतीयांशाच्या थोडं वर यायला अडीच तासांच्या आसपास लागतात. गच्चीवरच्या टाकीचं ३४ अंशांचं पाणी भरलं तर अडीच तासांनी ते साडेतीस असेल, पाच तासांनी २९.२. दुपारी जेवणाच्या तोंडावर अर्धा माठ रिकामा झाला म्हणून सहा लिटर टाकीचं पाणी ओतलं, की मिश्रण ३१.२ वर जातं आणि पाहुण्यांच्या पानात तेच येतं. माठ चांगला, हवा होती तशीच, घाई नडली. यावर उपाय दोन लहान माठ आळीपाळीने वापरण्याचा. लहान माठाचं शेवटचं तापमान जवळपास तेच राहतं, पण पाण्याच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्याने तो तिथे लवकर पोचतो. दुप्पट व्यासाच्या रांजणाला दुप्पट किंवा थोडा जास्तच वेळ लागतो. म्हणून रांजण रात्री भरायचा.

रात्रीचं गणित तर गमतीचं आहे. मतलई वारा सुटल्यावर पहाटे हवा २७ अंश आणि बाष्पदाब ३१ असेल, तर माठ २५.६ अंशांना स्थिरावतो. दिवसभरातलं हे सगळ्यात गार पाणी, पण त्यात माठाची कमाई अवघी दीड अंशाची. बाकी श्रेय रात्रीच्या हवेचं. हे पाणी सकाळी दहापर्यंत गार लागतं, कारण माठ हवेच्या दोन-तीन तास मागे चालतो. मृगाचा पाऊस स्थिरावला की ही कमाईही आटते. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असताना माठ जेमतेम एका अंशाने गार राहतो, अंग सुकत नाही आणि बुरशी धरते. जूनमध्ये माठ घासून, वाळवून माळ्यावर टाकण्याची रीत गणिताला धरून आहे.

माठ तपासायचा कसा? तराजूवर. संध्याकाळी माठ भरून, झाकण ठेवून वजन करा, त्यातून पाणी घेऊ नका, खाली ठिबकलेलं पाणी वेगळं मोजा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा वजन करा. ठिबकलेलं वजा करून उरलेली घट म्हणजे बाष्पीभवन. मे महिन्यात किनाऱ्यावर आपल्या मापाच्या माठात ती तीन-चारशे ग्रॅमच्या आसपास असावी. पूर्ण अर्धा लिटर होत नाही, कारण रात्री वेग मंदावतो. घट शंभर ग्रॅमच्या आत असेल आणि अंगावर सुके पट्टे असतील तर छिद्रं बुजली आहेत, माठ घासा किंवा बदला. घट ठीक आहे, अंग सगळीकडे ओलं आहे आणि पाणी आडाख्याच्या जवळ आहे, तर माठाचा काही दोष नाही. घट ठीक असूनही पाणी आडाख्यापेक्षा दोन अंश वर असेल, तर ऊन, पत्रा किंवा नुकतंच ओतलेलं पाणी यांपैकी काहीतरी बाहेरून उष्णता आणत आहे. बोट तिथे ठेवा.

या अंदाजाच्या मर्यादा सांगायला हव्यात. मी माठ पूर्ण भरलेला धरला आहे. पाणी अर्ध्यावर आलं की वरची भिंत छिद्रांतून वर चढणाऱ्या ओलीवर अवलंबून राहते, आणि जाड पोताच्या माठात ती फार वर चढत नाही. झाकणातून आणि तोंडातून येणारी उष्णता मी सोडून दिली आहे. सगळ्यात कच्चा आकडा वाऱ्याचा. अभिसरणाचे ६ वॅट हा मंद झुळुकेचा आकडा. तुमच्या पडवीत तो ४ असेल किंवा ९. पण तो शोधता येतो. दुपारच्या तीन तासांत वजनातली घट मोजा, माठ, हवा आणि भिंत यांची तापमानं घ्या. माठाचं आणि हवेचं तापमान पुरेसं स्थिर असेल तर घट गुणिले २४३० म्हणजे वाफेने नेलेली उष्णता आणि तीच आत आलेली उष्णता. तिला तीन तासांच्या सेकंदांनी भागून वॅट करा, ओल्या क्षेत्रफळाने आणि तापमानाच्या फरकाने भागा, त्यातून प्रारणाचे ५.८ वजा करा. उरेल तो तुमच्या पडवीतल्या वाऱ्याचा आकडा. पहिल्या प्रकरणातल्या कोष्टकात तोच भरायचा आहे.